वास थांबला म्हणजे गॅस गेला?

"झाकण उघडून ठेवलं, आता वास येत नाही, तोंडाला मास्कही आहे. मग चेंबरमध्ये उतरायला काय हरकत?"

हरकत जिवाची आहे. गटारातला हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असताना सडक्या अंड्यांसारखा घाण वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 100 भाग झाला की नाकच बधिर होतं आणि वास नाहीसा होतो. 500 च्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो. आणखी एक गोष्ट: तळाचा गाळ ढवळला की त्यात अडकलेला गॅस एकदम सुटतो, म्हणून वरून ठीक वाटलेली हवा खाली पाय टाकताच बदलते.

कापडी मास्क किंवा एन-95 धूळ अडवतो, गॅस नाही. गाळणीचा मास्कही ऑक्सिजन तयार करत नाही.

आधी यंत्रानेच सफाई व्हावी. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. उतरणं टळतच नसेल, तर गॅसमापक दोरीने वर, मध्ये आणि तळाशी सोडून मोजा, काम चालू असतानाही मोजत राहा. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली असेल तर उतरू नका. अंगावर दोरीला जोडलेला सुरक्षा पट्टा, वर माणसाला ओढून काढायची तिपाई हवीच. आत कुणी पडला तर मागून उडी घेऊ नका, त्याला पट्ट्यानेच वर ओढा.