कोरड्या रेक्टिफायरमधली सरळ रेषा द्रावणात कशी आली

अर्धवाहकाचा तुकडा द्रावणात बुडवायचा, त्यावरचे पोटेन्शियल थोडे थोडे बदलत कपॅसिटन्स मोजायचा, 1/C² चा आलेख काढायचा, त्यातली सरळ रेषा मागे वाढवून अक्षाला कुठे छेदते ते पाहायचे. मिळालेला आकडा म्हणजे फ्लॅट बँड पोटेन्शियल, अर्धवाहकातले ऊर्जेचे पट्टे ज्या पोटेन्शियलला पृष्ठभागापर्यंत सपाट राहतात ते. फोटोइलेक्ट्रोडवरच्या असंख्य शोधनिबंधांत हा आलेख ‘मॉट-शॉट्की प्लॉट’ या नावाने येतो आणि बहुतेक वेळा त्यावर दोन ओळींपलीकडे चर्चा होत नाही. रेषा सरळ आली की आकडा खरा, असे गृहीतच धरलेले असते. ही रेषा मुळात कुठून आली ते पाहिले की त्या गृहीतकातली अडचण कळते.

तिचा जन्म द्रावणात झालेला नाही. १९३०च्या दशकात सेलेनियमचे आणि क्युप्रस ऑक्साइडचे रेक्टिफायर वापरात होते, पण धातू आणि अर्धवाहक एकमेकांना टेकवले की वीज एकाच दिशेने का वाहते, हे नीट उलगडले नव्हते. १९३८-३९मध्ये जर्मनीत वॉल्टर शॉट्की, इंग्लंडमध्ये नेव्हिल मॉट आणि रशियात डेव्हिडॉव्ह या तिघांनी त्यावर स्वतंत्रपणे काम केले. संपर्काजवळ अर्धवाहकात एक थर असा तयार होतो की त्यातले फिरते इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात, यावर मॉट आणि शॉट्की यांचे एकमत होते. त्या थरात प्रभार किती आणि कसा पसरलेला आहे, यावर मात्र दोघांची चित्रे वेगळी होती.

मॉटने त्या थरात अशुद्धी जवळजवळ नाहीच असे मानले. त्याचा थर ठरावीक जाडीचा असतो, त्यातले विद्युतक्षेत्र सगळीकडे सारखे असते आणि म्हणून त्याचा कपॅसिटन्स व्होल्टेजबरोबर बदलत नाही. शॉट्कीने अशुद्धी सर्वत्र एकसारखी पसरलेली मानली; इलेक्ट्रॉन निघून गेले की मागे तिचे जागेला खिळलेले धन आयन उरतात. मग व्होल्टेज वाढवले की थर जाड होत जातो आणि जाडीचा वर्ग व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो. कपॅसिटन्स जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे 1/C² आणि व्होल्टेज यांचा आलेख सरळ येतो. म्हणजे ज्या रेषेला आपण मॉट-शॉट्की म्हणतो ती खरे तर शॉट्कीची आहे. मॉटच्या चित्रातून आडवी रेषा निघाली असती. रेक्टिफायरच्या सिद्धांतात दोघांची नावे जोडून घेतली जात, तीच जोडी पुढे इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत उतरली. नावाचा हा घोळ आता निस्तरण्यासारखा नाही, पण एकसारखी अशुद्धी ही अट कोणाची, हे त्यावरून लक्षात राहते.

द्रावणाकडे पहिले महत्त्वाचे पाऊल बेल लॅबोरेटरीजमध्ये पडले. ट्रान्झिस्टरच्या शोधात सहभागी असलेल्या ब्रॅटनने गॅरेटबरोबर जर्मेनियम आणि द्रावण यांच्या सीमेवर प्रयोग केले. ते १९५५मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून दिसले की धातूच्या जागी द्रावण ठेवले तरी अर्धवाहकाच्या आत तसाच प्रभारित थर बनतो. पण जर्मेनियमचा बँड गॅप जेमतेम ०.६७ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. खोलीच्या तापमानालाही त्यात इलेक्ट्रॉनबरोबर होल्स, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, पुरेसे असतात. पोटेन्शियल सरकवत नेले की थोड्याच अंतरात होल्स पृष्ठभागाशी गोळा होऊ लागतात आणि कपॅसिटन्स घटत जाऊन पुन्हा वाढतो. लांबलचक सरळ रेषेला तिथे जागाच मिळत नाही.

ती मिळाली झिंक ऑक्साइडवर. १९६०मध्ये बेल लॅबोरेटरीजच्याच ड्यूवॉल्डने झिंक ऑक्साइडच्या एकस्फटिकांवरची मोजमापे प्रसिद्ध केली. या पदार्थाचा गॅप ३ इलेक्ट्रॉनव्होल्टहून मोठा असल्याने अंधारात होल्स जवळजवळ नसतातच, आणि द्रावणात विक्रिया सुरू न होता बरेच व्होल्ट पोटेन्शियल फिरवता येते. रेषा स्वच्छ आली. माझ्या मते या कामाचे मोल रेषेच्या सरळपणापेक्षा तिच्या पडताळणीत जास्त आहे. रेषेच्या चढावरून इलेक्ट्रॉन देणाऱ्या अशुद्धीचे, म्हणजे डोनरचे, प्रमाण निघते. ते प्रमाण स्फटिकाच्या स्वतंत्र विद्युत मोजमापावरूनही कळत होते आणि दोन्ही आकडे जुळत होते. रेषेने सांगितलेल्या एका गोष्टीची साक्ष बाहेरून मिळाली, म्हणून तिने सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीवर, छेदबिंदूवर, विश्वास ठेवता आला.

तसा एक स्फटिक घेऊन हिशेब मांडू. सूत्र असे आहे, C हा दर चौरस सेंटिमीटरचा कपॅसिटन्स, N डोनरचे प्रमाण, E दिलेले पोटेन्शियल आणि Efb फ्लॅट बँड पोटेन्शियल:

```
1/C² = [2 / (e ε ε0 N)] × (E − Efb − kT/e)
```

झिंक ऑक्साइडचा सापेक्ष परावैद्युतांक ε ८.५ धरू आणि डोनर दर घनसेंटिमीटरला १०¹⁷. मग एक व्होल्टमागे 1/C² सुमारे १.६६ × १०¹⁴ ने वाढायला हवा. समजा ० व्होल्टला १२३ नॅनोफॅरड, ०.५ व्होल्टला ८२ आणि १ व्होल्टला ६५.७ अशी मोजमापे आली. त्यांचे व्यस्त वर्ग अनुक्रमे ०.६६, १.४९ आणि २.३२ गुणिले १०¹⁴. प्रत्येक अर्ध्या व्होल्टला ०.८३ची वाढ, म्हणजे रेषा सरळ आहे आणि चढही अपेक्षेइतका आहे. मागे वाढवली तर ती −०.४० व्होल्टला अक्षाला छेदते. त्यातून kT/e, म्हणजे खोलीच्या तापमानाला सुमारे ०.०२६ व्होल्ट, वजा केले की फ्लॅट बँड पोटेन्शियल −०.४३ व्होल्ट. या पोटेन्शियलला थराची जाडी शून्य होते आणि पट्टे पृष्ठभागापर्यंत न वाकता सपाट राहतात. त्यापासून एक व्होल्ट वर गेलो की थर सुमारे १०० नॅनोमीटर जाड असतो. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९७२मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन होते हे दाखवले आणि या मोजमापाला एकदम मागणी आली. कारण प्रश्न साधा होता: एन-प्रकारच्या ऑक्साइडचे फ्लॅट बँड पोटेन्शियल हायड्रोजन सुटण्याच्या पातळीहून पुरेसे ऋण आहे का? असेल तर बाहेरून व्होल्टेज न देता काम होण्याची आशा. टायटॅनियम डायऑक्साइड या बाबतीत काठावर होता. स्ट्रॉन्शियम टायटॅनेट अधिक ऋण बाजूला होता आणि १९७६मध्ये त्यावर बाह्य व्होल्टेजशिवाय विघटन झालेही. तेव्हापासून नवा ऑक्साइड बनवला की पहिल्या चाचण्यांत हा आलेख येऊ लागला. पण आता हातात ड्यूवॉल्डसारखे स्फटिक नव्हते. खूप डोप केलेले, खरबरीत, पुढे तर सच्छिद्र आणि सूक्ष्मकणांचे थर आले. पडताळणी मागे पडली आणि रेषा तेवढी उरली.

या टप्प्यावरचे सर्वांत उपयोगी काम मला १९७५चे वाटते. बेल्जियममधल्या गेंट इथल्या डी ग्रीस, गोम्स, कार्डोन आणि व्हेनिक यांनी एक गोष्ट मांडली. सूत्र सगळे व्होल्टेज अर्धवाहकात पडते असे मानते, पण पृष्ठभागाला लागून द्रावणाच्या बाजूने हेल्महोल्ट्झ थर असतो आणि त्याचाही कपॅसिटन्स असतो, साधारण १० ते २० मायक्रोफॅरड. तो स्थिर धरला तर गणित एक फसवे उत्तर देते: रेषा सरळच राहते, चढही तोच राहतो, फक्त सगळी रेषा वर सरकते आणि छेदबिंदू ऋण बाजूला जातो. आलेख पाहून काहीही कळत नाही. वरच्या स्फटिकात, १० मायक्रोफॅरड धरून, ही सरक ०.०६ मिलिव्होल्ट, म्हणजे नगण्य. तोच पदार्थ १०²⁰ इतका डोप केला तर ती ६० मिलिव्होल्ट होते. त्याच डोपिंगला परावैद्युतांक १०० असलेला ऑक्साइड घेतला, तर ०.७ व्होल्ट. हायड्रोजनच्या पातळीच्या अल्याड की पल्याड, हा प्रश्न ज्या फरकावर ठरतो त्याहून ही चूक मोठी आहे.

त्याच काळात दुसरी तक्रार पुढे आली, फ्रिक्वेन्सीची. सिद्धांतात 1/C² ला फ्रिक्वेन्सीशी काही देणेघेणे नाही, पण प्रत्यक्षात प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळी रेषा मिळते. कधी सगळ्या रेषा वेगळ्या चढाच्या असूनही एकाच बिंदूत मिळतात, तेव्हा छेदबिंदू वापरण्याजोगा आणि चढ संशयास्पद. छेदबिंदूही फ्रिक्वेन्सीबरोबर सरकत असेल तर दोन्हींवर पाणी सोडावे. एकाच फ्रिक्वेन्सीवर, सवयीने १ किलोहर्ट्झवर, घेतलेला आलेख यातले काहीच सांगत नाही, आणि तरी तसे आलेख छापून येतात.

आजची सर्वांत सर्रास फसगत मात्र साधी आहे. फ्लोरीनयुक्त टिन ऑक्साइडचा वाहक लेप असलेल्या काचेवर ऑक्साइडचा सच्छिद्र थर चढवतात. द्रावण छिद्रांतून खालच्या लेपापर्यंत पोचते. हा लेपही एन-प्रकारचा अर्धवाहकच आहे, पण डोपिंग १०²⁰च्या वर. त्याचा कपॅसिटन्स फ्लॅट बँडच्या एक व्होल्ट वर चार-पाच मायक्रोफॅरड असू शकतो, तर आपल्या झिंक ऑक्साइडचा त्याच ठिकाणी ७८ नॅनोफॅरड. लेपाचा शंभरातला दोन भाग जरी उघडा राहिला तरी त्याचे ८० ते १०० नॅनोफॅरड होतात, म्हणजे वरच्या थराइतकेच किंवा जास्त. रेषा छान येते, पण तिच्यात काचेचा वाटा नमुन्याहून मोठा असू शकतो. शिवाय थर २० नॅनोमीटरच्या कणांचा असेल तर त्यात १०० नॅनोमीटरचा प्रभारित थर मावणार कुठे? कण एकदा पूर्ण रिता झाला की सूत्राला अर्थ उरत नाही.

हे ओळखायला महागडे काही लागत नाही. नुसती लेपाची काच त्याच द्रावणात बुडवून तोच आलेख काढावा आणि दोन्ही शेजारी ठेवावेत. चढावरून डोनरचे प्रमाण काढावे: झिंक ऑक्साइडच्या एका घनसेंटिमीटरमध्ये झिंकचे अणूच सुमारे ४ × १०²² असतात, तेव्हा १०²²च्या आसपास डोनर निघाले तर बहुधा क्षेत्रफळ किंवा मॉडेल चुकले आहे. आणि द्रावणाचा पीएच बदलून पुन्हा मोजावे. ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आयनांची देवाणघेवाण चालते, त्यामुळे २५ अंश सेल्सिअसला फ्लॅट बँड पोटेन्शियल पीएचच्या दर एकक वाढीला सुमारे ५९ मिलिव्होल्टने ऋण बाजूला सरकते. पण ही चाचणी एकटी पुरत नाही, कारण टिन ऑक्साइडही ऑक्साइडच आहे आणि तोही तसाच सरकतो.