‘समाधानकारक’ आणि ‘सुधारणा आवश्यक’: तिसरीतल्या एका मुलीच्या आईला लिहिलेली चिठ्ठी

नमस्कार ताई,

काल प्रगतीपुस्तक घेताना गणितापुढची ‘सुधारणा आवश्यक’ ही नोंद वाचून तुमचा चेहरा उतरला. मराठीपुढचं ‘समाधानकारक’ पाहून मात्र तुम्ही निर्धास्त झालात. मला स्वतःला काळजी मराठीचीच जास्त वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

‘सुधारणा आवश्यक’ हा प्रगतीपुस्तकातला ठरलेला रकाना आहे, ‘विशेष प्रगती’ आणि ‘आवड/छंद’ यांच्यासारखाच. अ-१ श्रेणीच्या मुलांच्या पुस्तकातही मी तो भरते. तो नापासाचा शिक्का नाही. त्यात काय लिहिलंय ते बघा. तुमच्या लेकीच्या पुस्तकात ‘हातच्याची वजाबाकी’ एवढंच आहे. ५२ मधून २७ वजा करताना ती ३५ लिहिते. एककात २ मधून ७ जात नाहीत, मग ती उलट ७ मधून २ काढते आणि ५ मांडते. बिनहातच्याची वजाबाकी तिची कधीच चुकत नाही. घरी काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या आणि त्यातून २७ काढायला सांगा. एक गठ्ठा सोडल्याशिवाय चालत नाही हे तिचं तिलाच दिसेल. मग तेच वहीत मांडायला लावा. रोज चार-पाच गणितं पुरे.

आता ‘समाधानकारक’. हा शब्द मी एकूण कामगिरी बघून लिहिते आणि एकूण आकड्यात बरंच काही झाकलं जातं. तिसरीला १०० पैकी ६० गुण आकारिकचे, म्हणजे तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय अशा वर्षभर चालणाऱ्या गोष्टींचे, आणि ४० संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे. मराठीत तिला आकारिकचे ४९ आणि संकलितचे १९ मिळाले. बेरीज ६८, श्रेणी ब-२. गोष्ट सांगताना, कविता म्हणताना ती वर्गात पुढे असते, त्याचे हे ४९. लेखी पेपरात मात्र न शिकवलेल्या उताऱ्याखालचे प्रश्न तिने कोरेच सोडले होते. जवळ बसवून वाचून घेतलं तेव्हा कळलं की जोडाक्षर आलं की ती थांबते, अंदाजाने शब्द म्हणते, आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. धडे तिला ऐकून पाठ आहेत, त्यामुळे घरी ती घडाघडा वाचते असंच तुम्हाला वाटत असणार.

खरं तर हे मी त्या रकान्यात स्पष्ट लिहायला हवं होतं. एका शब्दावर भागवलं, ती माझी चूक झाली.

आज रात्री तिला न शिकवलेला एखादा परिच्छेद वाचायला द्या. पुस्तक मिटून ‘काय झालं त्यात?’ एवढंच विचारा. ती काय सांगते ते लिहून ठेवा आणि शनिवारी शाळा सुटल्यावर मला भेटा.

तुमच्या लेकीच्या बाई