कडेलगतच्या अँकर बोल्टचा काँक्रीट-शंकू भंग

काँक्रीट ओतण्यापूर्वीच जागेवर बसवलेला, खालच्या टोकाला डोके असलेला अँकर बोल्ट वर ओढला गेला असता त्याच्या डोक्यापासून पृष्ठभागापर्यंत पसरणारा काँक्रीटचा शंकूच्या आकाराचा तुकडा सुटून येतो, तेव्हा त्या प्रकाराला काँक्रीट-शंकू भंग म्हणतात. बोलताना याला सरसकट ‘पुलआउट’ म्हटले जाते. मात्र अभिकल्पाच्या संहितांत पुलआउट म्हणजे डोक्याखालचे काँक्रीट चिरडून बोल्ट एकटाच सरकत वर येणे, आणि शंकू सुटण्याला ‘ब्रेकआउट’ असे वेगळे नाव आहे. दोन्हींची गणिते निराळी असल्यामुळे हा भेद केवळ शब्दांचा राहत नाही. बोल्ट मोकळ्या कडेजवळ असेल तर शंकूचा एक भाग काँक्रीटबाहेर पडतो आणि त्याची धारणक्षमता बरीच घटते. या नोंदीत त्याच स्थितीचा विचार केला आहे.

बोल्टवरील ओढ डोक्याच्या वरच्या बाजूने काँक्रीटवर दाबाच्या रूपाने उतरते. डोक्याच्या काठापाशी काँक्रीटमध्ये ताण निर्माण होऊन तेथे वर्तुळाकार तडा सुरू होतो आणि भार वाढेल तसा तो तिरका वर सरकतो. कमाल भार येतो तेव्हाही हा तडा पृष्ठभागापर्यंत पोहोचलेला नसतो. त्यानंतर मात्र तो आपोआप वाढत जातो आणि तुकडा एकाएकी सुटतो. पोलादाच्या बोल्टसारखे लांबत जाऊन इशारा देणे येथे घडत नाही. तुटलेला पृष्ठ काँक्रीटच्या माथ्याशी सुमारे 35 अंशांचा कोन करतो, म्हणून परिणामी खोली h असेल तर शंकूचा पसारा बोल्टच्या प्रत्येक बाजूला 1.5h इतका धरतात. परिणामी खोली म्हणजे माथ्यापासून डोक्याच्या दाब देणाऱ्या वरच्या पृष्ठापर्यंतचे अंतर होय. बोल्टची एकूण लांबी येथे घेणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

पूर्वी हा कोन 45 अंशांचा धरून शंकूच्या क्षेत्रफळावर समान ताण मानला जाई, म्हणजे क्षमता खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे गृहीत धरले जाई. वर्नर फुक्स, रोल्फ एलिगेहाउझेन आणि जॉन ब्रीन यांनी 1995 मध्ये मांडलेल्या पद्धतीत हा घात 2 ऐवजी 1.5 आहे. तडा एकाच वेळी सगळीकडे न फुटता सरकत जातो, त्यामुळे मोठ्या शंकूचे सरासरी सामर्थ्य लहान शंकूपेक्षा कमी भरते. खोली दुप्पट केल्यास क्षमता चौपट न होता सुमारे 2.8 पटच होते. अमेरिकेच्या ACI 318 या संहितेने ही पद्धत 2002 मध्ये परिशिष्टाच्या रूपात स्वीकारली. तडे गेलेल्या, सामान्य वजनाच्या काँक्रीटमधील कडेपासून दूर असलेल्या एकट्या, ओततानाच बसवलेल्या बोल्टसाठी तिचे मूलसूत्र, न्यूटन आणि मिलिमीटर या एककांत, असे आहे:

```
N = 10 · √f · h^1.5
```

येथे f हे काँक्रीटच्या वृत्तचितीचे दाबसामर्थ्य आहे. घनाच्या चाचणीतून मिळालेला आकडा त्याहून मोठा असतो आणि तो साधारण 0.8 ने गुणून घ्यावा लागतो. तो तसाच सूत्रात घातला तर क्षमता कागदावर फुगते.

कड 1.5h पेक्षा जवळ आली की दोन गोष्टी बिघडतात. पहिली साधी भूमितीची आहे: शंकूचे माथ्यावरील क्षेत्रफळ कापले जाते, म्हणून उरलेल्या आणि पूर्ण क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने क्षमता कमी करावी लागते. दुसरी तितकी उघड नाही. पूर्ण शंकूत बोल्टभोवतीचे काँक्रीट कड्यासारखे सर्व बाजूंनी ताण वाहून नेते, पण कडेच्या बाजूने ते कडे तुटते आणि ताण असमान होऊन कमकुवत बाजूला साचतो. यासाठी वेगळा गुणक लावतात, ज्यात c हे बोल्टच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर असते:

```
0.7 + 0.3 · c / (1.5h)
```

माझ्या मते गफलत होते ती मुख्यतः या दुसऱ्या गुणकाच्या बाबतीत, कारण क्षेत्रफळ कमी केले म्हणजे कडेचा हिशेब पुरा झाला असे वाटते.

एक उदाहरण घेऊ. 4.6 प्रतीच्या M24 बोल्टची परिणामी खोली 200 मिमी आहे आणि काँक्रीटचे वृत्तचिती-सामर्थ्य 25 मेगापास्कल आहे. कडेपासून दूर असताना काँक्रीटची क्षमता सुमारे 141 किलोन्यूटन येते. बोल्टच्या आट्यांपाशी ताण घेणारे क्षेत्रफळ 353 चौ. मिमी असून पोलादाचे अंतिम सामर्थ्य 400 मेगापास्कल असल्याने त्याची क्षमताही जवळजवळ तेवढीच भरते. आता हाच बोल्ट कडेपासून 100 मिमीवर आला असे समजू. शंकूचा पसारा एका बाजूस 300 मिमीऐवजी 100 मिमी उरतो, त्यामुळे क्षेत्रफळ 600 × 600 ऐवजी 400 × 600 होते आणि गुणोत्तर 0.67 येते. कडेचा गुणक 0.8 येतो. दोन्ही लावल्यावर क्षमता सुमारे 75 किलोन्यूटन, म्हणजे मूळच्या निम्म्याहून थोडीच अधिक राहते. बोल्टचे पोलाद तसेच आहे, पण भंग आता निश्चितपणे काँक्रीटमध्ये होणार. हे आकडे क्षमता-घटगुणक लावण्यापूर्वीचे आहेत.

अशा वेळी खोली वाढवण्याचा मोह होतो. खोली 250 मिमी केली तर क्षमता सुमारे 98 किलोन्यूटन होते. खोली 200 मिमीच ठेवून बोल्ट कडेपासून 200 मिमीवर नेला तर ती 106 किलोन्यूटनपर्यंत जाते. खोली वाढवण्याला एक मर्यादाही आहे: ती कडेच्या अंतराच्या 2.5 पटींपेक्षा अधिक झाली की डोक्याजवळचे काँक्रीट बाजूला फुगून उडण्याचा वेगळा भंग तपासावा लागतो. त्यात माथा शाबूत राहून कडेच्या उभ्या पृष्ठावरून चकतीसारखा तुकडा निघतो.

जागा बदलता येत नसेल तर बोल्टलगत यू-आकाराच्या सळया ओढीच्या दिशेने घालतात. सळई तुटण्याच्या पृष्ठाला छेदून जायला हवी आणि त्या पृष्ठाच्या दोन्ही बाजूंना तिची पकड पुरेशी लांब हवी. संभाव्य शंकूच्या आतच संपणारी सळई तुकड्याबरोबर वर येते. ती बोल्टपासून दूर गेली तरी तिचा उपयोग कमी होतो, म्हणून ACI तिला खोलीच्या निम्म्या अंतराच्या आत ठेवायला सांगते.

प्रत्यक्ष कामावर बोल्ट कडेकडे सरकतो तो बहुधा ओतताना. साचापट्टी सैल असली की कंपक लागताच बोल्ट कलतो, आणि माथ्यावर अंतर बरोबर दिसले तरी डोके कडेच्या जवळ गेलेले असू शकते. म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वी माप माथ्यावर आणि डोक्यापाशी असे दोन ठिकाणी घ्यावे.

भंग झाल्यावर कारण तुकड्यावरून ओळखता येते. वरच्या उदाहरणात तडा डोक्यापासून वर चढत कडेच्या उभ्या पृष्ठावर माथ्याखाली सुमारे 130 मिमीवर बाहेर पडेल. निघालेला तुकडा तीन बाजूंना उतरता, चौथ्या बाजूला साच्याच्या सपाट पृष्ठाचा असेल आणि बोल्टचे डोके त्याच्या तळाशी अडकलेले सापडेल. मागे नुसते भोक राहून डोक्यावर चिरडलेल्या काँक्रीटची पूड दिसली तर ते पुलआउट, आणि आट्यांपाशी बोल्ट बारीक होऊन तुटला असेल तर काँक्रीटचा दोष नाही.