तेल उतरलं, तरी रुपयात चढलं

11 जुलै 2008 रोजी ब्रेंट कच्च्या तेलाचा भाव पिंपाला 147 डॉलरच्या वर गेला. डॉलर तेव्हा 43 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे भारतासाठी एक पिंप साधारण 6,320 रुपयांना पडत होतं. पाच वर्षांनी, 28 ऑगस्ट 2013 रोजी तेच तेल 116 डॉलरच्या आसपास होतं. तीस डॉलर स्वस्त! पण त्या दिवशी डॉलर 68 रुपये 80 पैशांवर पोचला होता. गुणाकार केला की पिंप 7,980 रुपयांच्या घरात जातं. एका पिंपात 159 लिटर तेल मावतं, त्यामुळे कच्चं तेलच लिटरमागे 40 रुपयांवरून 50 वर गेलं.

तासगावच्या द्राक्षबागेत फवारणीचा ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ही उडी तेव्हा पुरती जाणवली नाही. डिझेलचा दर सरकारच्या हातात होता आणि तो महिन्याला साधारण पन्नास पैशांनी वाढत होता. उरलेला भार सरकार आणि तेल कंपन्या उचलत होत्या. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झालं.

पण आखातातलं तेल आपण घेतो, तर त्यात अमेरिकेचा डॉलर येतो कुठून? सांगलीकरांना हे हळदीवरून पटकन कळेल. वाळव्याचा शेतकरी गावातल्याच व्यापाऱ्याला हळद विकतो, तरी आधी विचारतो, ‘सांगलीत काय निघाला भाव?’ तसा कायदा कुठेच नाही. घेणारे, विकणारे, गोदामं, उचल देणारे, सगळे तिथे जमतात, म्हणून तिथला भाव खरा धरला जातो, आणि तो खरा धरला जातो म्हणून आणखी लोक तिथेच जातात. डॉलरचं तसंच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वांत मोठा तेल उत्पादक अमेरिकाच होती, तिच्या कंपन्या आखातातही होत्या, व्यवहार डॉलरमध्ये रुळले. 1971 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली, तरी सवय सुटली नाही. 1974 नंतर सौदी अरेबियाने तेलाचा पैसा मोठ्या प्रमाणावर अमेरिकी सरकारी रोख्यांत गुंतवायला सुरुवात केली. आजही सौदी रियाल डॉलरला 3.75 या दराने बांधलेला आहे. (‘पन्नास वर्षांचा पेट्रोडॉलर करार 2024 मध्ये संपला’ हा फिरलेला मेसेज सोडून द्या. फक्त डॉलरमध्येच तेल विकण्याची सक्ती करणारा असा मुदतीचा करार नव्हताच.)

याचा एक परिणाम मला सगळ्यात विचित्र वाटतो. मुंबई हायचं तेल आपल्याच समुद्रातलं, काढणारी कंपनी आपली, मजुरी रुपयात. तरी त्याचा भाव जागतिक डॉलर दराशी जोडलेला असतो. त्यामुळे रुपया घसरला की घरचं तेलही महागतं. ढोबळ हिशोब असा: तेल 80 डॉलर असताना डॉलर एक रुपयाने वाढला, तर लिटरमागे कच्च्या तेलाचा खर्च पन्नास पैशांनी वाढतो. हजारवाडीच्या डेपोतून टँकर निघेपर्यंत त्यावर शुद्धीकरण, वाहतूक, कर आणि कमिशन चढतं, शिवाय कर कमी-जास्त करून सरकार धक्का पचवू किंवा वाढवू शकतं. म्हणून पंपावरचा आकडा या हिशोबाशी तंतोतंत जुळत नाही.

एरवी थोडी उशी मिळते. डॉलर वधारला की इतर देशांना तेल महाग पडतं, मागणी सैल होते आणि डॉलरमधला भाव बऱ्याचदा उतरतो. 2022 मध्ये मात्र युक्रेन युद्धामुळे तेलही चढलं आणि डॉलरही. तेव्हा आयात करणाऱ्या देशांना दोन्हीकडून मार बसला.

2013 मध्ये वेगळाच फेरा सुरू झाला होता. रुपया घसरतोय म्हटल्यावर आयातदार उद्याचे डॉलर आजच घ्यायला धावतात, त्याने रुपया आणखी घसरतो. यात सगळ्यात मोठे गिऱ्हाईक म्हणजे सरकारी तेल कंपन्या, आणि त्यांना महाग आहे म्हणून खरेदी थांबवता येत नाही. त्याच 28 ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने इंडियन ऑइल, हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या तिघींसाठी वेगळी खिडकी उघडली: रोजचे डॉलर बाजारातून न घेता बँकेकडून घ्या आणि ठरलेल्या मुदतीने डॉलरच परत करा. तेलाची गरज तेवढीच राहिली, पण बाजारातली रोजची ओढ थांबली आणि पुढच्या आठवड्यांत रुपया सावरला.

मग रुपयातच पैसे दिले तर? 2022 नंतर रशियाशी तसा प्रयत्न झाला. पण भारत रशियाला विकतो थोडं आणि घेतो फार, त्यामुळे रशियाचे अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडून राहिले. मे 2023 मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह यांनी ही अडचण उघड बोलून दाखवली. काही खरेदी मग अमिरातीच्या दिरहॅममध्ये झाली. तो दिरहॅमही 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, आणि पिंपाचा भाव ठरवताना समोर होता तो ब्रेंटचा, म्हणजे डॉलरमधलाच.