कॉस्ट ऑडिटचे खर्चपत्रक आणि सामायिक खर्चाचा आधार

भारतात कॉस्ट ऑडिटची, म्हणजे कंपनीच्या खर्चनोंदींच्या तपासणीची, तरतूद 1965 साली कंपनी कायद्यात आली आणि 1968 मध्ये अहवालाचे नियम झाले. पुढची अनेक दशके सिमेंट, साखर, औषधे अशा प्रत्येक उद्योगासाठी खर्चनोंदींचे वेगळे नियम होते. सामायिक ओव्हरहेडबाबत, म्हणजे कोणत्याही एका मालाशी थेट न जोडता येणाऱ्या खर्चाबाबत, त्यांची अपेक्षा एवढीच, की वाटप न्याय्य असावे आणि दरवर्षी तीच पद्धत चालावी. त्यामुळे विक्रीच्या प्रमाणात खर्च वाटणेही बिनबोभाट चालून जाई, कारण तो आकडा हाताशी असतो. पण विक्रीदर वाढला की कारखान्यात काहीही न बदलता त्या मालाचा खर्च फुगतो. हा दोष पद्धतीतलाच आहे. सातत्याने तो झाकला जातो, जात नाही.

2011 मध्ये बहुतेक उद्योगांसाठी समान नियम आले. त्यानंतर 2013 च्या कायद्यातील कलम 148 खाली 2014 चे नियम झाले. त्यातील CRA-1 या नमुन्यात खर्चाच्या घटकांची तत्त्वे आहेत आणि CRA-3 हा अहवालाचा नमुना आहे. आता वाटपाचा आधार खर्चाच्या कारणाशी किंवा त्यातून मिळणाऱ्या लाभाशी जोडावा लागतो.

फरक किती पडतो, ते उदाहरणाने पाहू. देखभाल विभागाचा स्थिर खर्च 60 लाख रुपये आहे. ‘अ’ मालाचे उत्पादन 8,000 टन, ‘ब’ चे 2,000 टन. टनावर वाटले तर दोघांनाही टनामागे 600 रुपये येतात. पण देखभाल लागते ती यंत्र चालल्यामुळे, आणि लॉगबुकात ‘अ’ चे 6,000 तर ‘ब’ चे 4,000 मशीन-तास आहेत. त्या आधारावर ‘अ’ ला टनामागे 450 रुपये पडतात आणि ‘ब’ ला 1,200.

इथेच थांबता येत नाही. स्थिर उत्पादन-ओव्हरहेड सामान्य क्षमतेवर, म्हणजे नेहमीच्या परिस्थितीत यंत्रे जितके तास चालू शकतात त्यावर, आकारायचा असतो. ती 12,000 तास असेल तर दर तासाला 500 रुपये होतो. मग ‘अ’ वर 30 लाख आणि ‘ब’ वर 20 लाख जातात, म्हणजे टनामागे अनुक्रमे 375 आणि 1,000 रुपये. उरलेले 10 लाख रिकाम्या क्षमतेचे आहेत. ते मालाच्या खर्चात न घालता वित्तीय नफ्याशी मेळ घालताना वेगळे दाखवावेत. प्रत्यक्ष 10,000 तासांनी भागले, तर मंदीच्या वर्षाचा भार मालाच्या अंगावर पडतो.

पत्रक करताना आधी खर्च कॉस्ट सेंटरवर, म्हणजे ज्या विभागाच्या नावे खर्च गोळा होतो त्यावर, न्यावा, सेवा विभागांचा खर्च उत्पादन विभागांवर टाकावा आणि मग मालांवर. प्रत्येक वाटपाशेजारी आधार, त्याचे एकक आणि आकडा कोणत्या नोंदीतून घेतला ते लिहावे: विजेसाठी मीटरचे युनिट, भाड्यासाठी चौरस फूट. ‘तांत्रिक अंदाज’ एवढेच लिहिले असेल तर ऑडिटर पहिला प्रश्न तिथेच विचारतो. आधार बदलला असेल तर त्याचे कारण आणि खर्चावरचा परिणामही नोंदवावा. नाहीतर मागच्या वर्षाशी तुलना करताना पद्धतीतला बदल कार्यक्षमतेतला बदल म्हणून वाचला जातो.