शून्य की ओ, एक की एल (फोटोतला सिरियल नंबर वाचणे)

फोटोतून सिरियल नंबर उतरवताना शून्य आणि ओ, तसंच एक, छोटा एल आणि मोठा आय यांची अदलाबदल होते, ती ओळखून दुरुस्त करायची पद्धत म्हणजे ही नोंद. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर रिपेअरिंगच्या दुकानात हा प्रकार रोजचा, गिऱ्हाईक राउटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, दुकानातला पोरगा तो नंबर वॉरंटीच्या पानावर टाइप करतो आणि पान म्हणतं असा नंबरच नाही.

मूळ भानगड अक्षरांच्या घडणीत आहे. जुन्या बऱ्याच टाइपरायटरवर एकाची वेगळी कीच नसायची, छोटा एल दाबूनच एक टाइप करायचे, म्हणजे दिसायला दोन्ही एकच. फोटोतली अक्षरं वाचून देणारं ओसीआर सॉफ्टवेअर तर आजूबाजूची अक्षरं बघून अंदाज बांधतं, त्यामुळे दोन अक्षरांच्या मध्ये शून्य आलं की त्याचा ओ करून टाकायची त्याला सवय. साध्या वाक्यात हा अंदाज कामाला येतो, पण सिरियल नंबरात शब्द नसतातच त्यामुळे इथे तोच नडतो.

म्हणून डोळे ताणण्याआधी नंबरचा नियम बघायचा. आयएफएससी कोडमध्ये पाचवी जागा कायम शून्यच असते, तिथे ओ वाचला तर चूक आपली. गाडीच्या १७ अक्षरी चासिस नंबरात आय, ओ आणि क्यू वापरतच नाहीत. मोबाइलचा आयएमइआय म्हणजे १५ आकडे, अक्षर एकही नाही. आणि सिरियल नंबर सगळा कॅपिटलमध्ये असेल तर छोटा एल त्यात येऊच शकत नाही, ओसीआरने एल दिला म्हणजे तिथे एक किंवा आय आहे.

खरी पंचाईत होते ती अक्षरं आणि आकडे कसेही मिसळलेले असले आणि नियम बाहेर कुणाला माहीतच नसला की. समजा राउटरच्या स्टिकरवरून ओसीआरने हे दिलं:

```
2lO7R0O0l4K
```

११ पैकी ६ जागा संशयाच्या, प्रत्येकीला दोन पर्याय धरले तरी ६४ नंबर होतात, एवढे टाकून बघणं शक्य नाही. इथे कामाला येतो त्याच स्टिकरवरचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या पीसचा नेटवर्कवरचा ओळख नंबर. त्यात फक्त शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढंच असतं, म्हणजे तिथलं गोल चिन्ह नक्की शून्य आणि उभी काडी नक्की एक. शिवाय मॅक आणि सिरियल हे दोन्ही प्रत्येक पीसला वेगळे, म्हणून बहुतेक वेळा एकाच प्रिंटरवर एकाच फाँटमध्ये छापलेले असतात (मॉडेलचं नाव मात्र आधीच छापलेलं असू शकतं, त्यातल्या ओशी तुलना करू नका, फाँट वेगळा निघतो आणि फसगत होते). फोटो झूम करून बघितलं तर मॅकमधलं शून्य निमुळतं, रुंदी उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त. सिरियलमध्ये तिसरी, सहावी आणि आठवी जागा तशीच, सातवी मात्र चांगली गोल आणि रुंद, म्हणजे ओ. मॅकमधल्या एकाला वर छोटी चोच आणि खाली आडवा पाय आहे, दुसऱ्या आणि नवव्या जागेलाही चोच दिसते, म्हणजे दोन्हीकडे एक. उत्तर आलं `2107R0O014K`.

फोटो तिरका असेल किंवा स्टिकर गोलाईवर चिकटवलेला असेल तर एका टोकाची अक्षरं दबून अरुंद दिसतात आणि ओ पण शून्यासारखा वाटायला लागतो, तेव्हा माप शेजारच्या अक्षरांशी जुळवून बघावं लागतं. तिरकी रेघ मारलेलं शून्य असेल तर सोपं जातं खरं, पण अंधुक फोटोत ती रेघ पसरली की त्याचा आठ होतो.

यापेक्षा भरवशाचा मार्ग म्हणजे खालचा बारकोड. कोड १२८ या प्रकारच्या बारकोडमध्ये शून्य आणि ओ यांच्या रेघा पूर्ण वेगळ्या असतात आणि शेवटी तपासणीचं चिन्हही असतं, त्यामुळे चुकीचं वाचण्याऐवजी तो सहसा वाचलाच जात नाही. फोटोतला बारकोड zbarimg या प्रोग्रामने असा वाचता येतो:

```
zbarimg photo.jpg
CODE-128:2107R0O014K
```

वाचला गेला नाही तर बहुतेक वेळा फोटो व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेला असतो, बारीक रेघा एकमेकींत मिसळलेल्या असतात, अशा वेळी गिऱ्हाईकाला सांगायचं की दादा तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बारकोड फाटलेलाच असेल आणि एकच जागा अडली असेल तर दोन्ही नंबर टाकून बघता येतात, पण पान नंबर घेतंय एवढ्यावर थांबू नये, दुसऱ्या कुणाच्या डब्याचा नंबरही ते घेईल. पानावर येणारं मॉडेलचं नाव स्टिकरवरच्या नावाशी जुळतंय का ते बघायचं आणि मगच तक्रार नोंदवायची.