पिल्लू घरी येण्याआधी: खिडक्या, मशिन, दोरे आणि वायरी

मांजराचं पिल्लू आणायचं ठरलं की बरेच जण आम्हाला गॅलरीच्या जाळीसाठी बोलावतात. जाळी आम्ही बसवून देतोच. पण मोजमाप घ्यायला घरात फिरताना इतरही काही गोष्टी नजरेला पडतात, आणि त्या घरच्यांनीच करायच्या असतात. त्यासाठी हे पत्रक. पिल्लू येण्याच्या निदान आठवडाभर आधी वाचावं.

खिडक्या आणि गॅलरी

आठ ते बारा आठवड्यांच्या पिल्लाचं डोकं मोठ्या लिंबाएवढं असतं. मांजराच्या गळ्याजवळचं हाड खांद्याला घट्ट जोडलेलं नसतं, म्हणून डोकं जिथून गेलं तिथून खांदे आणि मागचं सगळं अंगही निघून जातं. आपल्याकडच्या ग्रिलच्या दोन पट्ट्यांमध्ये बहुधा चार इंच अंतर असतं. माणसाच्या मुलासाठी ते ठीक आहे, पिल्लासाठी तो उघडा दरवाजाच. मांजर उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं, यावर विसंबू नका. पडताना अंग सरळ करता आलं, तरी जबडा, छाती आणि पाय वाचतीलच असं नाही.

कोथरूडमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचं उदाहरण सांगतो. हॉलच्या सरकत्या खिडकीला डासांची जाळी होती, म्हणून तिथे काही करायला नको असं घरच्यांना वाटत होतं. डासांची जाळी नखांनी फाटते, आणि हलक्या फ्रेमची असेल तर पंजाने ढकलूनही सरकते. तिथे आम्ही ग्रिलच्या आतल्या बाजूने एक इंच चौकटीची स्टीलची वेल्डेड जाळी लावली आणि साधारण दर सहा इंचांवर स्टीलच्या तारेने बांधली. तारेची टोकं बाहेर वळवून घेतली, म्हणजे पंजाला टोचत नाहीत. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलं तर काम पटकन होतं, पण उन्हाने त्या ठिसूळ होऊन तुटतात. जाळी आतून असल्यामुळे इमारतीचं बाहेरचं रूप बदलत नाही, सोसायटीशी बोलताना हे सांगता येतं. ग्रिलला आगीच्या वेळी उघडायची झडप असेल, तर तिच्यावरची जाळी आम्ही वेगळी, बिजागरी आणि कडीसह करतो. ती कायमची बंद करून घेऊ नका.

याच घरात खरा धोका निघाला तो बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या खिडकीत आणि ड्राय बाल्कनीत. काचपट्ट्या नुसत्या खाचेत बसवलेल्या होत्या, ढकलल्या की सुटत होत्या. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिन कठड्याला लागून होतं, म्हणजे फरशीवरून बादलीवर, बादलीवरून मशिनवर आणि तिथून कठड्यावर अशी पायरीच तयार होती. कठड्याच्या खालच्या दांडीत आणि फरशीतही हात जाईल एवढी फट होती. दोन्हीकडे स्टीलची जाळी लावावी लागली.

गॅलरीला कबुतरांची नायलॉन जाळी आधीपासून असेल, तर ती मांजरासाठी पुरेशी धरू नका. तिची चौकट बहुधा दीड-दोन इंची असते, कडा सैल पडतात आणि नायलॉन दातांनी कुरतडता येतं. ती काढायची गरज नाही. फरशीपासून कठड्याच्या वर हातभर उंचीपर्यंत आतून स्टीलची जाळी घ्यावी, आणि नायलॉनच्या कडेला दर फुटावर हूक असावा. काम झाल्यावर कडेला तळहाताने जोरात दाबून बघा. भिंत आणि जाळी यांच्यामध्ये दोन बोटं शिरली तरी आम्हाला परत बोलवा.

घरातल्या उंच जागांचं सोपं आहे. कपाटावरची आणि माळ्याच्या कडेची जड भांडी खाली घ्या आणि सुटं कपाट भिंतीला अँगलने पक्कं करा. पिल्लू पडद्याला धरून वर चढतं, म्हणून पडद्याचा रॉडही हलवून बघा.

वॉशिंग मशिन

कपडे काढून झालेला ड्रम ऊबदार आणि अंधारा असतो. पिल्लाला झोपायला तीच जागा आवडते. फ्रंट लोड मशिन एकदा सुरू झालं की दार लॉक होतं, आणि बंद केलं तरी पाणी उतरेपर्यंत लगेच उघडत नाही. म्हणून बटण दाबण्याआधी ड्रममध्ये हात मागच्या भिंतीपर्यंत फिरवा, कपड्यांच्या ढिगाखालीही. मग पिल्लू घरात कुठे आहे ते डोळ्यांनी बघा, आणि त्यानंतरच मशिन लावा. कुबट वास येतो म्हणून दार उघडं ठेवायची सवय असेल, तर रबराची कड कोरडी पुसा आणि मशिनचं दार उघडं असेपर्यंत ड्राय बाल्कनीचं दार लावून ठेवा.

टॉप लोड मशिन खालून पाहायला विसरू नका. बऱ्याच मशिनचा तळ उघडा असतो आणि आत मोटर व पट्टा फिरतो. उंदरांसाठीची तळाची जाळी नसेल किंवा गंजली असेल, तर आपल्या मॉडेलची मागवून घ्या.

दोरे आणि बारीक वस्तू

यात सर्वांत वाईट काय, तर दोरा. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणं त्याला अवघड जातं, तो आतच सरकतो. एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकतं, बाकीचा आतड्यात ओढला जातो, आतडं चुण्यांसारखं गोळा होतं आणि दोऱ्याने चिरलंही जाऊ शकतं. देवाच्या फुलपुडीचा दोरा, गजरा, शिवणाचा सुई-दोरा, राखी, मिठाईच्या डब्याची रिबीन, मांजा, केसांचे रबर: हे सगळं झाकणाच्या डब्यात. निर्माल्याची पिशवीही दाराला लटकवू नका.

पिल्लू उलट्या करतंय, खात नाही, कोपऱ्यात बसून लाळ गाळतंय, तर संशय घ्या. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तरी ओढू नका, आणि केळं, तूप असलं काही भरवू नका. तसंच डॉक्टरांकडे न्या आणि दोऱ्याचा संशय स्पष्ट सांगा, कारण साध्या एक्स-रेत दोरा दिसत नाही.

बटण सेल, कानातल्याच्या फिरक्या आणि औषधाच्या गोळ्याही उचला. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते.

वायरी

साडेतीन-चार महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत दुधाचे दात पडून नवे येतात, तेव्हा चावणं वाढतं. भिंतीलगतच्या वायरी केसिंग पट्टीत घ्या, टीव्हीमागच्या लवचीक पाइपमध्ये. एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवा. चार्जर वापरून झाला की बटण बंद करून काढून ठेवा.

घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो चांगलाच, पण इथे त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. करंट जमिनीकडे गळला की तो पडतो. पिल्लाच्या दातांत फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम आले, तर गळती नसल्यामुळे तो पडेलच असं नाही.

पिल्लू वायरीला चिकटलेलं दिसलं तर आधी मेन स्विच बंद, मगच हात लावा. नंतर ते नीट चालायला लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शॉकनंतर फुप्फुसात पाणी भरायला काही तास, कधी दिवसभरही लागतो. झोपेत श्वास मिनिटाला तिसाच्या आत हवेत. ते वाढत गेले किंवा पिल्लू तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, तर सकाळची वाट बघू नका.

मोजमापाला येण्याआधी प्रत्येक खिडकीचे आतून काढलेले फोटो पाठवा. बाथरूम आणि ड्राय बाल्कनीचेही, त्यातच जास्त फटी निघतात.